योनीच्या तोंडाजवळची गाठ अचानक सुजून ठणकायला लागली तर: कापावं का, आणि कापूनही परत का भरते

प्रश्न: माझं वय २९, एक मुलगी आहे. सोलापुरात युनिफॉर्मच्या शिलाईचं काम करते. खालच्या जागेच्या तोंडाजवळ डाव्या बाजूला वर्षभर वाटाण्याएवढी गाठ होती, दुखत नव्हती. चार दिवसांपूर्वी अचानक सुजली, आता लिंबाएवढी झाली आहे. बसता येत नाही, चालतानाही पाय फाकवून चालावं लागतं. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून तीन दिवस घेतलं, फरक नाही. सासूबाई म्हणतात पोटीस बांध, आपोआप फुटेल. जाऊबाईंच्या ओळखीत एकीची अशीच गाठ कापली, तर सहा महिन्यांत परत आली. मग कापून काय उपयोग? कॅन्सर किंवा नवऱ्याकडून आलेला आजार तर नाही ना? जूनच्या ऑर्डरी आहेत, मशीनवर कधी बसता येईल?

उत्तर:

ताई, तुमच्या जाऊबाईंच्या ओळखीतल्या त्या बाईपासूनच सुरुवात करते, कारण तिची गाठ परत का आली हे कळलं की तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मिळतात. तिची गाठ कापल्यामुळे परत आली नाही. कापलेलं तोंड दोन-चार दिवसांत मिटलं, म्हणून आली. या दुखण्यात कामं दोन असतात. आज आतला पू बाहेर काढायचा, आणि पुढचे काही आठवडे बाहेर पडायची वाट उघडी ठेवायची. पहिलं काम पाच मिनिटांचं आहे आणि ते कोणीही करतं. दुसरं अनेकदा राहून जातं.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. सोलापुरात माझी वीस वर्षांहून जास्त प्रॅक्टिस झाली आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे 'हे अमुकच आहे' असं इथून म्हणणार नाही. पण तुम्ही सांगितलेली जागा, वर्षभराची न दुखणारी गाठ आणि चार दिवसांत झालेलं लिंबू, हे सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं. बार्थोलिन ग्रंथीच्या गाठीत पू झाला आहे.

ही ग्रंथी प्रत्येक बाईला असते, दोन्ही बाजूंना एकेक. योनीच्या तोंडावर घड्याळ ठेवलंय असं समजा. वर बारा वाजता लघवीची जागा, खाली सहा वाजता शौचाची बाजू. या ग्रंथी चार आणि आठच्या काट्यावर, कातडीखाली असतात. एरवी त्या वाटाण्याएवढ्या असतात आणि बोटाला लागतही नाहीत. त्यांचं काम थोडासा चिकट ओलावा तयार करायचा आणि साधारण दोन-अडीच सेंटिमीटरच्या बारीक नळीतून तो योनीच्या तोंडाशी सोडायचा. या नळीचं तोंड कधी बुजलं, तर ओलावा तयार होत राहतो पण बाहेर पडत नाही. नळी फुगते. तीच तुमची वर्षभराची गाठ. तिच्यात पू नव्हता, म्हणून ती दुखत नव्हती. अशा न दुखणाऱ्या छोट्या गाठीला तुमच्या वयात काही करावं लागत नाही. त्यामुळे वर्षभर दुर्लक्ष केलं म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

आता त्या साचलेल्या पाण्यात जंतू शिरलेत. साध्या गाठीत आणि पू झालेल्या गाठीत फरक ओळखणं अवघड नसतं. साधी गाठ महिनोन्‌महिने तशीच असते, दाबली तर रबरासारखी लागते, फार तर बसताना किंवा संबंधाच्या वेळी टोचते. पू होतो तेव्हा दोन ते चार दिवसांत सगळं पालटतं. गाठ टम्म होते, वरची कातडी लाल आणि गरम होते, रात्री झोपू देत नाही असा ठणका लागतो, कपडा घासला तरी जीव जातो. बाई दवाखान्यात आली की खुर्चीकडे बघते आणि उभीच राहते. 'मॅडम, बसायला येईना की ओ,' हे वाक्य ऐकलं की निम्मं निदान दारातच होतं. कधी कधी जांघेत अवधाणही येतं. ताप मात्र बऱ्याच जणींना नसतो, म्हणून 'ताप नाही म्हणजे पू नाही' असं समजू नका.

तपासताना मी आधी ही दुसरी कुठली गाठ नाही ना हे बघते. बाहेरच्या ओठावर, केसांच्या भागात असलेलं गळू बहुतेक वेळा केसतोड असतं. त्याचा इलाज वेगळा आणि सोपा. सूज मागे शौचाच्या जागेकडे जास्त असेल तर ते गुदद्वाराजवळचं गळू असू शकतं. ते सर्जनकडे पाठवते, कारण तिथे पुढे भगंदर व्हायचा धोका असतो. खोकल्यावर फुगणारी आणि झोपल्यावर आत जाणारी गाठ म्हणजे हर्निया. तिला सुई लावली तर अनर्थ होईल. हे सगळं एका तपासणीत कळतं. सोनोग्राफीची गरज क्वचितच लागते.

मेडिकलच्या गोळ्यांचं काय झालं, तेही सांगते. औषध रक्तातून पोचतं, आणि पुवाच्या पिशवीच्या आत रक्त खेळत नाही. भोवतीची लाली थोडी कमी होईल, पण आतला पू तिथेच राहील. शिवाय अर्धवट डोसमुळे गळू धड बसत नाही, धड पिकत नाही. मधल्या अवस्थेत आठ-आठ दिवस रेंगाळलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पू पूर्ण निघाला तर धडधाकट बाईला बऱ्याचदा अँटिबायोटिक लागतही नाही. मी ते देते ते लाली आजूबाजूला पसरलेली असेल, ताप असेल, बाई गरोदर असेल, शुगर असेल किंवा गाठ दुसऱ्या-तिसऱ्यांदा आली असेल तर. त्या गोळ्यांची पट्टी फेकू नका, येताना बरोबर आणा. काय घेतलंय ते डॉक्टरांना कळायला हवं.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. शेक द्यायचा, हे खरं. शेकाने रक्त खेळतं, गळू लवकर पिकतं, तोंड धरतं, आणि ठणकाही उतरतो. पण भाजलेला कांदा, हळद, गरम पिठाचं पोटीस त्या जागेवर बांधू नका. तिथली त्वचा नाजूक असते, आणि सुजल्यावर तिला चटका किती बसतोय हे लवकर कळत नाही. पोटीसाने भाजून आलेली एक बाई मला आठवते. गळू आठवड्यात बरं झालं, भाजलेलं महिनाभर पुरलं. त्याऐवजी पसरट टबात किंवा स्वच्छ घमेल्यात कोमट पाणी घ्या, मनगटाच्या आतल्या बाजूला सहन होईल इतकंच गरम. त्यात दहा-पंधरा मिनिटं बसा, दिवसातून तीन-चार वेळा. डेटॉल नको, तुरटी नको, नुसतं पाणी पुरे. सोलापूरच्या मे महिन्यात गरम पाण्यात बसा म्हटलं की बायका माझ्याकडे रागाने बघतात, ते मान्य आहे, पण उपयोग होतो. ठणक्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. दाबून पू काढायचा प्रयत्न आणि घरच्या सुईने टोचणं मात्र अजिबात नको.

गळू 'पिकलं' आहे की नाही, हा प्रश्न डॉक्टरलाही पडतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाईचा ठणका बघवेना म्हणून दुसऱ्याच दिवशी मी गळू कापलं. पू आला नाही, रक्त आलं. गळू कच्चं होतं. नुसती सुजून घट्ट झालेली जागा मी कापली होती. तीन दिवसांनी ती परत आली, तेव्हा खरा पू निघाला. तिला विनाकारण दोनदा सोसावं लागलं. तेव्हापासून मी दोन बोटांनी तपासते. एका बोटाने दाबलं की दुसऱ्या बोटाखाली पाणी हलल्यासारखं लागलं पाहिजे, पाण्याने भरलेला फुगा दाबावा तसं. ते लागत नसेल आणि बाईला दुसरा धोका नसेल, तर एक-दोन दिवस शेक आणि मग पुन्हा तपासणी. चार दिवसांनी लिंबाएवढं झालेलं तुमचं गळू बहुधा पिकलेलं असेल, पण ते बोट लावल्यावरच कळेल.

समजा त्याआधी ते आपोआप फुटलं. एकदम घाण वासाचा, पिवळट-लालसर पू येईल आणि पाच मिनिटांत बरं वाटेल. घाबरू नका. पॅड लावा, कोमट पाण्यात बसणं चालू ठेवा. काहीजणींचं तेवढ्यावर निभावतंही. पण फुटलेलं छिद्र सुईच्या टोकाएवढं असतं आणि लवकर मिटतं, म्हणून फुटलं तरी दोन दिवसांत दाखवून या. आत पू उरलाय का, हे बघावं लागतं.

आता मुख्य गोष्ट, तोंड उघडं ठेवणं.

सुईने पू ओढून घेतला तर आराम लगेच पडतो, पण भोक इतकं लहान की गाठ पुन्हा भरायची शक्यता मोठी. नुसता काप देऊन पू काढला आणि ड्रेसिंग केलं, तरी तेच. ही जागा ओली, रक्त भरपूर खेळणारी. इथली जखम तोंडातल्या जखमेसारखी झटकन भरते. एरवी हा गुण चांगला, इथे तोच नडतो. आतला पोकळ भाग आक्रसायच्या आत बाहेरचं तोंड मिटतं, आणि ग्रंथी ओलावा तयार करतच असते. म्हणून त्या वाटेत काहीतरी ठेवावं लागतं, किंवा वाटेच्या कडा शिवून टाकाव्या लागतात.

पहिल्या पद्धतीसाठी वर्ड कॅथेटर नावाची छोटी रबरी नळी मिळते. वर्ड आडनावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९६० च्या दशकात ती काढली. पेन्सिलीपेक्षा बारीक, आखूड नळी आणि टोकाला छोटा फुगा. आपल्याकडे ती दर वेळी हाताशी नसते, मग लहान मुलांसाठीची बारीक फोले कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, कापून वापरतात. मीही तेच करते.

एक उदाहरण सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. चौतिशीतली बाई, घरी विड्या वळणारी. मांडीत सूप घेऊन दिवसभर बसायचं, हजार विड्यांचा हिशेब. उजव्या बाजूला गळू झालं, एका ठिकाणी कापलं, पाचव्या दिवशी जखम 'छान भरली' म्हणून सांगितलं. साडेतीन महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा काप, पुन्हा ड्रेसिंग. माझ्याकडे ती आली तेव्हा तिसरी वेळ होती. ताप किरकोळ, शुगर नॉर्मल, गरोदर नाही. बोटाखाली पू स्पष्ट लागत होता. ओठाच्या बाहेरच्या कातडीवर आधीच्या दोन कापांच्या खुणा होत्या. म्हणजे काप पडला होता तोही चुकीच्या बाजूला. तो आतल्या बाजूला, योनीच्या तोंडालगत, जिथे ग्रंथीच्या नळीचं मूळ तोंड असतं तिथे हवा. बाहेरून कापलं तर व्रणही राहतो आणि ओलावा नको तिथून झिरपत राहू शकतो.

भूल त्या जागेपुरतीच दिली. हे खोटं सांगत नाही, भुलीची सुई सुजलेल्या जागेत टोचते तेव्हा दहा-पंधरा सेकंद चांगलंच झोंबतं. त्यानंतर टोकदार ब्लेडने जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा काप दिला. काप मुद्दाम लहान ठेवायचा, मोठा दिला तर फुगा निसटून येतो. पू निघाला तो चमचाभर नव्हता, दोन-तीन चमचे होता. थोडा कल्चरला, म्हणजे त्यात कुठला जंतू आहे ते तपासायला, पाठवला. आत चिमटा घालून पुवाचे कप्पे मोकळे केले, कारण कप्पा राहिला तर ठणकाही राहतो. मग नळी घालून फुग्यात अडीच मिली सलाईन भरलं. हवा भरत नाहीत, ती हळूहळू निघून जाते आणि फुगा बसतो. नळीचं शेपूट बांधून योनीत आत सरकवून दिलं, म्हणजे बाहेर काही लोंबत नाही. एकूण वीस मिनिटं. ती चालत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी फोन आला, 'आत कायतरी दाबतंय.' फुगा जास्त भरला की असं होतं. अर्धा मिली पाणी काढून घेतलं, दाब गेला. कल्चरमध्ये ई. कोलाय आला. हा आपल्याच आतड्यातला, सगळ्यांच्या अंगात असणारा जंतू. गळू तिसऱ्यांदा आलेलं, म्हणून त्या रिपोर्टप्रमाणे औषध दिलं. नळी चार आठवडे राहायला हवी होती, ती तेविसाव्या दिवशी कपडे धुताना आपोआप पडली. ती घाबरत आली. तपासलं तर तोंड मिटलेलं नव्हतं, आतून कातडी धरलेली छोटी खाच तयार झाली होती. नळी पुन्हा घालावी लागली नाही. त्यानंतर दोन वर्षं ती दुसऱ्या कामांसाठी येत राहिली, त्या बाजूला गाठ आली नाही. सगळ्यांचं इतकं सुरळीत होत नाही. नळी पहिल्या आठवड्यातच पडली तर तोंड मिटायची भीती असते आणि ती पुन्हा घालावी लागते. हा या पद्धतीचा खरा तोटा.

दुसऱ्या पद्धतीला मार्सुपियलायझेशन म्हणतात. नाव लांबलचक, अर्थ सोपा. कांगारूच्या पोटाला पिशवी असते ना, तशी पिशवी करायची. साधारण दीड-दोन सेंटिमीटरचा काप देऊन पू काढायचा, आतल्या पिशवीच्या कडा बाहेर उलटवायच्या आणि भोवतालच्या त्वचेला विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवून टाकायच्या. तोंड मिटूच शकत नाही, कारण दोन्ही कडा कापडाच्या गळ्याला पट्टी लावावी तशा दुमडून शिवलेल्या असतात. तुम्ही शिवणकाम करता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं समजेल. पट्टी न लावता नुसती कात्री मारलेली कड आणि दुमडून शिवलेली कड यात जो फरक, तोच साध्या कापात आणि यात आहे. हे बहुतेक वेळा ऑपरेशन थिएटरमध्ये, कमरेखाली भूल देऊन किंवा थोडा वेळ झोपवून करतात. टाके काढावे लागत नाहीत.

दोन्हीत चांगलं कुठलं? नेदरलँड्स आणि इंग्लंडमध्ये १६१ बायकांवर या दोन पद्धतींची समोरासमोर तुलना झाली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात गाठ परत येण्याचं प्रमाण नळीनंतर १२ टक्के आणि शिवलेल्यांत १० टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. नळीवाल्यांना पहिल्या दिवशी वेदनाशामक गोळ्या बऱ्याच कमी लागल्या. त्यामुळे पहिल्यांदाच झालेल्या गळूला मी आधी नळी सुचवते. नळी दोनदा पडली, गाठ फार मोठी असेल, किंवा बाई लांबच्या गावाहून येत असेल आणि महिनाभर नळी सांभाळणं तिला जमणार नसेल, तर सरळ शिवून टाकते. काही डॉक्टर पहिल्यांदाच शिवणं पसंत करतात. तेही चुकीचं नाही, हाताला जे बसलंय त्याने निकाल चांगला येतो.

पूर्ण ग्रंथी काढणं हा तिसरा मार्ग, पण तो शेवटचा. तिथे रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, रक्तस्राव चांगलाच होतो, नंतर रक्त साचतं, व्रण दुखत राहू शकतो. पू असताना तर ते करायचंच नसतं. पहिल्याच गळूला कोणी 'ग्रंथीच काढून टाकू' म्हणालं, तर दुसरं मत घ्या.

तुमच्या दोन भीतींबद्दल. कॅन्सर या ग्रंथीचा होतो, पण फार दुर्मीळ, आणि २९ व्या वर्षी चार दिवसांत सुजून ठणकणारी गाठ हे त्याचं रूप नव्हे. चाळिशीनंतर पहिल्यांदाच गाठ आली, किंवा कुठल्याही वयात ती कडक, हलत नसलेली, रक्त येणारी असेल, तर मात्र तुकडा तपासायला पाठवतात. तुमच्या सासूबाईंच्या वयाच्या कोणाला अशी गाठ असेल तर 'सुनेला पण होती, बरी झाली' म्हणून थांबू नका.

नवऱ्याकडून आलाय का? पूर्वी या गळूचं नाव परम्याशी जोडलं जायचं. आज बहुतेक पुवात आपल्याच अंगावरचे आणि आतड्यातले जंतू सापडतात. संबंधांतून येणारे गोनोरिया, क्लॅमिडिया हे जंतू काही जणींत असतात. म्हणून अंगावरून पिवळा, वासाचा स्राव, ओटीपोटात दुखणं किंवा तशी शंका असेल तर त्यांची तपासणी करावी, आणि ते निघालं तर दोघांनीही औषध घ्यावं. पण नुसत्या गळूवरून कोणावर संशय घेता येत नाही. लग्न न झालेल्या मुलींनाही हे होतं. त्यांच्या आया मला हळूच विचारतात की काप दिल्याने 'पडदा' जातो का. जात नाही, ग्रंथीच्या नळीचं तोंड पडद्याच्या बाहेरच्या बाजूला असतं.

रात्र काढू नये, लगेच निघावं अशी कारणं मोजकी आहेत. थंडी वाजून ताप. लाली मांडीकडे, कुल्ल्याकडे किंवा ओटीपोटाकडे सरकताना दिसणं. कातडी काळी-निळी पडणं किंवा फोड येणं. लघवी न होणं. गरोदर असाल किंवा शुगर असेल तर यातलं काही नसतानाही थांबू नका. शुगरच्या बाईत हा जंतुसंसर्ग क्वचित कातडीखालून काही तासांत पसरतो आणि जिवावर बेततो. अशा वेळी छोट्या दवाखान्यांत फिरत बसू नका, जिथे चोवीस तास सर्जन आणि आयसीयू आहे तिथेच जा. सोलापुरात सिव्हिल आहे. आणि शुगर कधी तपासलीच नसेल तर या निमित्ताने तपासून घ्या. गळू परत परत येणाऱ्या बायकांत ती पहिल्यांदा सापडल्याचं मी पाहिलंय.

यातलं काही नसेल तर उद्या सकाळी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. जायच्या आधी पाळी कधी आली होती ते आठवून ठेवा, आणि चुकली असेल तर आधी सांगा, औषधं त्यावर ठरतात. तिथे एकच प्रश्न नक्की विचारा: 'पू काढल्यावर तोंड उघडं कसं ठेवणार?' नळी किंवा टाके यांपैकी काही उत्तर आलं तर निश्चिंत राहा. 'रोज ड्रेसिंगला या' एवढंच उत्तर आलं तर जाऊबाईंच्या ओळखीतल्या बाईचं काय झालं ते सांगा.

आणि मशीन. पू निघाला की ठणका त्याच दिवशी उतरतो, रात्री झोप लागते. नळी असेल तर दोन-तीन दिवसांत मशीनवर बसता येतं, टाके असतील तर साधारण आठवडा धरा. आठवडाभर सलग चार तास बसू नका, तासाभराने उठा, खाली मऊ गादी घ्या. मधोमध भोक असलेली उशी नको, तिने कडांवर ताण येतो. पायमशीन असेल तर पहिले दिवस मोटरच्या मशीनवरची कामं मागून घ्या, मांड्या घासल्या की नळी सरकते. नळी असेपर्यंत संबंध नकोत, पाळीत कपड्याऐवजी पॅड वापरा, दिवसातून दोनदा कोमट पाण्यात बसा. थोडा पिवळट-गुलाबी स्राव आठवडा-दोन आठवडे येणारच, तो निचरा आहे, पू परत झाला असं समजू नका. ठणका परत सुरू झाला किंवा गाठ पुन्हा हाताला लागली, तर मात्र ऑर्डर बाजूला ठेवून त्याच दिवशी या. नळी पडली तर ती टाकून द्या, धुऊन परत घालायचा प्रयत्न करू नका, आणि एक-दोन दिवसांत दाखवा.